ओळखीच्या शब्दांचा अनोळखी अर्थ: खाडीच्या चिखलाची घनता

प्रश्न: मी सिव्हिलची विद्यार्थिनी आहे. खारफुटीच्या मातीत किती कार्बन साठतो, असा प्रोजेक्ट आहे, त्यासाठी पहिल्यांदाच इकॉलॉजीचे पेपर वाचतेय. शब्द सगळे ओळखीचे, पण आकडे पटत नाहीत. बल्क डेन्सिटी पाण्यापेक्षा कमी कशी असेल?

उत्तर: मी जिओटेक्निकलचा माणूस. काही वर्षांपूर्वी ऐरोलीच्या बाजूच्या खाडीतल्या गाळावर एका सागरी जीवशास्त्राच्या मॅडमबरोबर काम केलं, तेव्हा मीही इथेच आपटलो होतो. पेपरात लिहिलेलं: पाण्याचं प्रमाण ६० टक्के, बल्क डेन्सिटी ०.५३ ग्रॅम प्रति घनसेंमी. मी मॅडमना फोन करून म्हटलं, "छपाईची चूक आहे, हा चिखल पाण्यावर तरंगेल." त्या म्हणाल्या, "वाळवून वजन केलंय हो, तरंगेल कसा?"

आपण बल्क डेन्सिटी म्हणतो तेव्हा पाण्यासकट वजन धरतो. कार्बनवाले त्याच शब्दाने वाळवलेल्या मातीचं वजन सांगतात, आकारमान मात्र ओल्या नमुन्याचं, म्हणजे चिखलात खुपसलेली नमुन्याची नळी बाहेर काढली तेव्हाचं. आपल्याकडे त्याला ड्राय डेन्सिटी म्हणतात.

पाण्याच्या टक्क्यांतही हाच घोळ. आपण पाण्याचं वजन कोरड्या मातीच्या वजनाने भागतो, म्हणून खाडीच्या चिखलात १५० टक्के आले तरी आपल्याला काही वाटत नाही. त्यांच्या पेपरांत बहुतेकदा एकूण ओल्या वजनाने भागलेलं असतं, तिथे आकडा शंभराच्या पुढे जाऊच शकत नाही. 'बहुतेकदा' मुद्दाम म्हणतोय, कारण कोरड्या वजनाने भागणारेही भेटतात आणि पद्धतीच्या परिच्छेदात ते दर वेळी लिहिलेलं नसतं.

मग ओळखायचं कसं? शंभर ग्रॅम चिखल घ्या, कागदावरच. ६० टक्के ओल्या वजनावर असतील, तर ६० ग्रॅम पाणी आणि ४० ग्रॅम माती. मातीच्या कणांची घनता २.७ धरली तर त्या ४० ग्रॅमना सुमारे १५ घनसेंमी जागा लागते, पाण्याला ६०. एकूण ७५. कोरडी घनता ४० भागिले ७५, म्हणजे ०.५३. पेपरातला आकडा तंतोतंत आला. आता आपल्या पद्धतीने करून पाहा: १०० ग्रॅम मातीत ६० ग्रॅम पाणी, आकारमान ९७, कोरडी घनता १.०३ आणि ओली १.६५. दोन्ही आकडे पेपराशी जुळत नाहीत. म्हणजे लेखकांनी न सांगताही त्यांचा भाजक कोणता, ते कळलं.

हा ताळा चिखल पाण्याने पूर्ण भरलेला असेल तरच चालतो. भरतीचं पाणी क्वचित पोहोचतं त्या उंच भागात, किंवा खेकड्यांची बिळं आणि मुळांची जाळी असेल तिथे हवा शिरलेली असते. मुळांचा भुगा जास्त असला की २.७ सुद्धा खरं राहत नाही. थोडी तफावत आली म्हणून लगेच लेखकांना नावं ठेवू नका.

हे सोडून दिलं तर काय होतं, ते माझ्याच पहिल्या तक्त्यात दिसलं. कार्बनचा साठा म्हणजे घनता गुणिले कार्बनचा अंश गुणिले खोली. २ टक्के कार्बन आणि एक मीटर खोली धरली तर ०.५३ ने हेक्टरी १०६ टन येतात. मी सवयीने आमच्या बोअरहोलची ओली घनता, १.३४, टाकली होती. उत्तर आलं २६८ टन. अडीच पट! आणि आकडा इतका भारदस्त दिसत होता की मला संशयसुद्धा आला नाही. मॅडमनी विचारलं, "हा चिखल आहे की कोळसा?"

आणखी एक शब्द जपून वाचा: कॉम्पॅक्शन. आपल्या डोक्यात लगेच रोलर येतो, हवा बाहेर काढून माती दाबणं. त्यांच्या पेपरात बऱ्याचदा एवढंच म्हणायचं असतं, की नळी एक मीटर आत गेली आणि आतला गाळ ८० सेंटीमीटरच भरला. ती नमुना घेतानाची गडबड आहे, जमिनीचा गुण नव्हे. पण दबलेल्या नमुन्याची घनता तशीच वापरली आणि खोली मात्र पूर्ण मीटर धरली, तर साठा पुन्हा फुगतो.

ओव्हनचं तापमानही बघून घ्या. आपण १०५ ते ११० अंशांवर वाळवतो. ते अनेकदा ६० वर, सेंद्रिय भाग उडू नये म्हणून. म्हणजे 'कोरडं' हा शब्दही दोन्हीकडे सारखा नाही.

आमच्या तक्त्यात शेवटी 'डेन्सिटी' नावाचा रकानाच ठेवला नाही. त्या जागी 'कोरडं वजन भागिले ओलं आकारमान' असा लांबलचक मथळा आहे, आणि तो छापताना दर वेळी अर्धा कापला जातो.