धुतलेला फिल्टर हाताला कोरडा लागतो, पण आतून नसतो

प्रश्न: "व्हॅक्युम क्लीनर चालू केला की पाच मिनिटांत हॉलभर कुबट वास सुटतो. पिशवी नसलेलं, डब्याचं मशीन आहे. डबा दर वेळी रिकामा करते. गेल्या शनिवारी फिल्टरही रात्री धुऊन सकाळी बसवला. दोन दिवस बरं होतं, आता आधीपेक्षा जास्त वास येतो. आम्ही शाहूपुरीत राहतो, साताऱ्यात. फिल्टर बदलावा की मशीनच?"

ताई, दोन्ही नको. निदान आत्ता तरी नको. तुमचं उत्तर तुमच्याच वाक्यात आहे: रात्री धुऊन सकाळी बसवला. जुलैच्या साताऱ्यात एका रात्रीत पंचा वाळत नाही, तिथे फिल्टर कुठून वाळणार? तीन वर्षांपूर्वी मीही हेच केलं होतं आणि महिनाभर मशीनला शिव्या घातल्या होत्या.

आधी वास कुठून येतो ते बघू. कोरड्या धुळीला फारसा वास नसतो. पण आपल्या धुळीत केस, कातडीचा कोंडा, चिवड्याचे कण असं सगळं असतं. त्याला ओल लागली की त्यावर जिवाणू आणि बुरशी पोसतात, आणि कुबट वास त्यांचा. मशीनने ओढलेली हवा नळीतून डब्यात, डब्यातल्या जाळीतून स्पंजच्या फिल्टरमध्ये, तिथून मोटरवरून आणि शेवटी मागच्या घड्यांच्या फिल्टरमधून खोलीत येते. म्हणजे ओला स्पंज असेल तर सगळी हवा त्याच्यातूनच गाळली जाते. वर मोटर चालून चालून मशीन आतून गरम होतं. म्हणून वास चालू केल्या केल्या न येता पाच मिनिटांनी येतो.

तरी माझ्या शब्दावर विसंबू नका. वायर काढा, मशीन गार होऊ द्या. स्पंज, घड्यांचा फिल्टर आणि रिकामा डबा वेगवेगळ्या स्वच्छ प्लॅस्टिकच्या पिशव्यांत घालून तोंड बांधा आणि तासभर ठेवा. मग एकेक पिशवी किंचित उघडून हुंगा. सगळं एकत्र असताना नाक गोंधळतं, असं वेगळं केलं की चोर सापडतो. माझ्याकडे स्पंज आणि डबा दोन्ही निघाले, घड्यांचा फिल्टर निर्दोष होता.

डब्याबद्दल आधी, कारण "दर वेळी रिकामा करते" यात बरेचजण फसतात. रिकामा म्हणजे स्वच्छ नव्हे. माझा डबा वरून काचेसारखा दिसायचा. झाकणाभोवतीची रबराची कडी सुरीच्या बोथट टोकाने अलगद उचलली तर खाली खाचेत करडा चिखल. धूळ आणि दमट हवा यांचं मिळून झालेलं लुकण, त्यात शेंगदाण्याचं एक साल चिकटलेलं. खरा वास तिथे होता. दुसरी जागा डब्याच्या मधल्या जाळीच्या आतली. तिथे केसांचा गुंता बसतो, तो डबा झटकून पडत नाही.

डबा बाहेर गॅलरीत, नाकाला फडकं बांधून, जुन्या वर्तमानपत्रावर रिकामा करा. जाळीतले केस जुन्या टूथब्रशने काढा. डबा मशीनपासून पूर्ण वेगळा होत असेल आणि त्यात वायर किंवा पितळी टोकं नसतील तरच पाण्याखाली धरा. कोमट पाणी, भांड्यांच्या साबणाचा एखादा थेंब, खाचेत टूथब्रश, मग दोनदा साध्या पाण्याने खळखळून. रबराची कडी निघत असेल तर वेगळी धुवा. निघत नसेल तर ओल्या फडक्याने पुसा आणि लगेच कोरड्याने. डबा उपडा घालू नका, आडवा ठेवा, म्हणजे आत हवा फिरेल.

आता फिल्टर. स्पंज आधी बाहेर झटकून घ्या, कोरडी धूळ निघाली की चिखल कमी होतो. मग नळाच्या गार पाण्याखाली धरून हळूच दाबा-सोडा करा, कपड्यासारखं पिळून मुरगळू नका, फाटतो. पाणी स्वच्छ येईपर्यंत चालू द्या, माझ्या स्पंजला पहिल्यांदा सहा-सात मिनिटं लागली. साबण घालू नका. तो स्पंजात राहतो, चिकट होतो आणि धूळ धरतो. माहितीपुस्तिकेत मनाई नसेल आणि वास हट्टी असेल तर मी एक वाटी पांढरं व्हिनेगर आणि चार वाट्या पाणी यात स्पंज वीस मिनिटं बुडवतो, मग भरपूर पाण्याने धुतो. हे फक्त स्पंजाला.

घड्यांचा फिल्टर वेगळी जात आहे. त्यावर किंवा पुस्तिकेत धुता येतो असं स्पष्ट लिहिलेलं असेल तरच पाणी लावा. कागदी असेल तर पाण्याने त्याचा चोथा होतो. तो नुसता हलकेच आपटायचा, ब्रशने घासायचा नाही, आणि वास घेऊन बसला असेल तर बदलायचा. धुता येणारा असेल तर पाणी स्वच्छ बाजूने सोडा, म्हणजे धूळ जिकडून आली तिकडेच बाहेर पडते. मळक्या बाजूने सोडलंत तर तीच धूळ आणखी आत जाईल.

इथवर बहुतेक लोक नीट करतात. घोळ होतो वाळवताना.

स्पंज हाताला कोरडा लागतो तेव्हा त्याचा फक्त बाहेरचा थर कोरडा असतो. हे मला कळलं ते स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यामुळे. (खाली कागद घाला, नाहीतर घरात दुसराच वास सुटेल.) शनिवारी सकाळी नऊला धुतला, टॉवेलमध्ये दाबून पाणी काढलं आणि काट्यावर ठेवला: ९२ ग्रॅम. टेबल फॅनसमोर रुंद बाजू आडवी न टाकता कडेवर उभा केला. रात्री दहाला ४१. रविवारी सकाळी ३३, आणि हाताला पूर्ण कोरडा! पूर्वी मी इथेच बसवला असता. पण रविवारी संध्याकाळी ३० भरला, सोमवारी सकाळी २९, सोमवारी संध्याकाळीही २९. म्हणजे रविवारी सकाळी "कोरड्या" स्पंजात चार ग्रॅम पाणी होतं, जवळजवळ चमचाभर. ते गरम मशीनमध्ये बंद. बुरशीला आणखी काय हवं?

यात एक बारकावा. धुण्याआधीच्या वजनाशी तुलना करू नका, त्यात धूळ असते. माझा झटकूनही ३४ होता आणि धुतलेला कोरडा २९. म्हणजे ३४ ला थांबलो असतो तर ओलाच बसला असता. सहा-आठ तासांच्या अंतराने केलेली दोन वजनं सारखी आली की झालं, एवढीच खूण. पुढच्या वेळेसाठी ते वजन मशीनच्या पुस्तिकेत पेन्सिलीने लिहून ठेवा. घड्यांच्या फिल्टरलाही हीच पद्धत, फक्त तो आणखी वेळ खातो, कारण घड्यांच्या तळाशी हवा पोचत नाही. माझा एकदा धुऊन पाहिला होता, त्याला चौथा दिवस लागला. पुस्तिकेत चोवीस तास लिहिलेले असतात, ते किमान समजा. पावसात आपल्याकडे दोन ते चार दिवस धरा.

घाईपोटी केस वाळवायचं मशीन, गॅसजवळ ठेवणं, इस्त्री, वॉशिंग मशीनचं ड्रायर हे काहीही नको. स्पंज चिवट राहत नाही, घड्यांचा डिंक सुटतो आणि फिल्टरच्या कडेने धूळ मोटरकडे जाऊ लागते. ऊन पडलं तर थोडा वेळ चालेल, पण दिवसभर कडक उन्हात टाकलेला स्पंज हळूहळू भुगा होतो. पंखा बरा. आणि पाऊस चालू असताना खिडकीत ठेवू नका. अजिंक्यताऱ्यावर ढग टेकला की खिडकीतली हवाच ओली असते. दार-खिडकी लावलेल्या खोलीत पंख्यासमोर लवकर वाळतो. एसी असेल तर त्याच खोलीत ठेवा, तो हवेतली ओल काढतो.

दोन-चार दिवस मशीन बंद कसं ठेवायचं, असं म्हणाल. म्हणून स्पंजाचा एक जादा संच घेऊन ठेवा. एक वाळतोय तोवर दुसरा मशीनमध्ये. फिल्टर न बसवता मशीन चालवू नका, अगदी एका खोलीपुरतंही नाही. बारीक धूळ थेट मोटरवर बसते, आणि तिथला वास धुऊन जात नाही.

एका दुकानदाराने मला डब्यात डांबरगोळी टाकायला सांगितली होती. टाकू नका. तिची वाफ मशीन घरभर फेकतं आणि मूळ ओल तशीच राहते. फिल्टरवर खाण्याचा सोडा भुरभुरवायचा सल्लाही फिरतो, पण तो इतका बारीक असतो की घड्यांमध्ये बसून हवाच अडवतो. डबा रिकामा करताना सोड्याचा उपयोग असेल, फिल्टरवर नाही.

हे सगळं करूनही वास आला तर नळी आणि पुढचा गोल ब्रश बघा. आपल्याकडे पावसात दारातलं ओलं पायपुसणं याच मशीनने ओढायची सवय असते. कोरड्या मशीनला ओल चालत नाही. नळीत ओला बोळा अडकतो आणि तिथेच कुजतो. नळीत वायर नसेल तर पाण्याने धुऊन दोरीवर दोन टोकं खाली सोडून लटकवा, वायर असेल तर धुवू नका. स्पंजाला दोनदा धुऊन, वजन थांबेपर्यंत वाळवूनही पिशवीतून वास आला तर तो स्पंज गेला, बदला. वास कुबट नसून जळक्या रबरासारखा असेल तर हे काहीच करू नका, वायर काढून दुरुस्तीवाल्याला दाखवा. तो पट्ट्याचा किंवा मोटरचा प्रश्न आहे.

आज रात्रीच पिशव्या बांधून ठेवा, आणि वास कुठल्या पिशवीतून आला ते इथे लिहा. मॉडेल आणि घड्यांच्या फिल्टरवर काय छापलंय तेही सांगा, म्हणजे तो धुवायचा की नाही ते नक्की सांगता येईल.