चाकू कोणाच्या हातात? एक मथळा, दोन वृक्ष

प्रश्न: ‘चाकू दाखवून पळणाऱ्या चोराला तरुणाने रोखले’ असा मथळा वाचला. आमच्या घरात दोन तट पडले. चाकू चोराने दाखवला की तरुणाने? शब्द तर सगळे सोपे आहेत, मग घोळ कुठे आहे? आणि अशा वाक्याचे ‘वृक्ष’ काढतात म्हणजे नेमके काय करतात?

दोन्ही तट बरोबर आहेत. मराठीच्या नियमांत दोन्ही अर्थ बसतात. मथळ्यातला एकही शब्द दुहेरी अर्थाचा नाही. ‘हार’ म्हणजे पराभव की फुलांची माळ, असा प्रश्न इथे येत नाही. प्रश्न एवढाच, की ‘चाकू दाखवून’ हे दोन शब्द कोणाला जोडायचे. शब्द तेच, क्रमही तोच, पण जोडणी दोन तऱ्हांची होऊ शकते. याला रचनात्मक संदिग्धता म्हणतात.

ही जोडणी डोळ्यांना दिसावी म्हणून वृक्ष काढतात. कोणता शब्दगट कोणाच्या हाताखाली आहे, एवढेच त्यात दाखवायचे असते. पहिला वृक्ष असा:

```
वाक्य
├─ कर्म: चोराला
│   └─ पळणाऱ्या
│       └─ चाकू दाखवून
├─ कर्ता: तरुणाने
└─ क्रियापद: रोखले
```

आणि दुसरा असा:

```
वाक्य
├─ चाकू दाखवून
├─ कर्म: चोराला
│   └─ पळणाऱ्या
├─ कर्ता: तरुणाने
└─ क्रियापद: रोखले
```

फरक एकाच फांदीचा आहे. पहिल्यात ‘चाकू दाखवून’ हे ‘पळणाऱ्या’खाली लटकले आहे, दुसऱ्यात ते वर येऊन थेट ‘रोखले’चे झाले आहे.

फांदी हलली की चाकूचा मालक का बदलतो, ते ‘ऊन’ या प्रत्ययात आहे. ‘दाखवून’ला स्वतःचा वेगळा कर्ता सहसा नसतो. ज्या क्रियेला ते जोडले जाते, तिचा कर्ता तोच त्याचा कर्ता. पळणारा चोर आहे, म्हणून पहिल्या वृक्षात चाकू चोराने दाखवला. रोखणारा तरुण आहे, म्हणून दुसऱ्यात चाकू तरुणाच्या हातात. म्हणजे एका फांदीवरून कोणाच्या हातात हत्यार होते ते ठरते, आणि बातमीत ही गोष्ट किरकोळ नाही.

हे दोन वृक्ष खरेच आहेत की कागदावरची कल्पना, हे घरच्या घरी तपासता येते. नामाचा जो शब्दगट वृक्षात एका फांदीवर असतो, त्याच्या जागी एक सर्वनाम ठेवता येते. पहिल्या वृक्षात ‘चाकू दाखवून पळणाऱ्या चोराला’ हा अख्खा एक गट आहे. त्याच्या जागी ‘त्याला’ ठेवा: ‘त्याला तरुणाने रोखले’. चाकू चोराबरोबर सर्वनामात गेला. दुसऱ्या वृक्षात गट आहे फक्त ‘पळणाऱ्या चोराला’. तिथे ‘त्याला’ ठेवले की उरते ‘चाकू दाखवून त्याला तरुणाने रोखले’. आता चाकू तरुणाचाच, दुसरा अर्थ निघतच नाही.

तुमच्या घरात भांडण झाले, पण असे मथळे रोज डोळ्यांखालून जातात आणि कोणी थांबत नाही. ‘पाठलाग करून पळणाऱ्या चोराला पोलिसांनी पकडले’ हे पाहा. सांगाडा हुबेहूब तोच आहे आणि वृक्षही दोन निघतात. पण पाठलाग करतात ते पोलीस, हे आपल्याला ठाऊक असते, म्हणून दुसरा वृक्ष आपण नकळत निवडतो. ‘तोंड लपवून पळणाऱ्या चोराला पोलिसांनी पकडले’ म्हटले, की तितक्याच सहज पहिला निवडतो. व्याकरण दोन्ही वेळा दोन वाटा देते, आणि एक वाट आपले व्यवहारज्ञान बंद करते. चाकू मात्र दोघांच्याही हातात शोभतो. संदिग्धता जाचते ती अशा ठिकाणी.

आता दुरुस्ती. पहिला उपाय सुचतो तो कर्ता पुढे आणण्याचा: ‘तरुणाने चाकू दाखवून पळणाऱ्या चोराला रोखले’. हा उपाय फसवा आहे. ‘चाकू दाखवून’ आणि ‘पळणाऱ्या’ अजून शेजारी शेजारीच आहेत, तेव्हा दोन्ही वृक्ष जिवंत राहतात. कर्ता त्या दोघांच्या मध्ये घाला: ‘चाकू दाखवून तरुणाने पळणाऱ्या चोराला रोखले’. आता अर्थ एकच, तरुणाचा चाकू. इथे ‘चाकू दाखवून’ पळणाऱ्याला जोडायचे म्हटले तर ती फांदी ‘तरुणाने’च्या फांदीला ओलांडून न्यावी लागेल, आणि अशा वाक्यात फांद्या एकमेकींना छेदत नाहीत. त्याहून सरळ म्हणजे ‘पळणाऱ्या चोराला तरुणाने चाकू दाखवून रोखले’. चाकू चोराचा असेल तर मला ‘चाकू दाखवून चोर पळाला, तरुणाने रोखले’ हे सर्वांत बरे वाटते. जागाही तेवढीच लागते. स्वल्पविरामानेही दुसरा अर्थ नेमका करता येतो (‘चाकू दाखवून, पळणाऱ्या चोराला…’), पण स्वल्पविराम नाही म्हणून पहिलाच अर्थ, असे मात्र म्हणता येत नाही.

मराठीत ही अडचण वारंवार येण्याचे कारण आपल्या वाक्याच्या ठेवणीत आहे. मुख्य क्रियापद शेवटी आणि विशेषणे नामाच्या आधी. त्यामुळे वाक्याच्या सुरुवातीला ठेवलेला शब्द वाटेतल्या ‘-णाऱ्या’, ‘-लेल्या’ला जोडला जाऊ शकतो किंवा थेट शेवटच्या क्रियापदापर्यंत जाऊ शकतो. शब्द वाढले की वाटाही वाढतात. मथळ्याच्या आधी फक्त ‘काल’ लावून बघा. चाकू चोराचा धरला तर काल दाखवला, काल पळत होता की काल रोखले, अशा तीन जोडण्या होतात. चाकू तरुणाचा धरला तर ‘काल’ दाखवण्याला किंवा रोखण्याला जोडता येते. पळण्याला जोडता येत नाही, कारण फांद्या छेदतील. म्हणजे एका शब्दाने दोनाचे पाच वृक्ष झाले. त्यांतल्या काहींचा अर्थ जवळजवळ सारखाच आहे, ही गोष्ट वेगळी.

इंग्रजीतला घोळ बहुधा निराळ्या जागी होतो. तिथे अशा मथळ्यांना ‘क्रॅश ब्लॉसम’ असे नावच पडले आहे. 2009 साली एका व्हायोलिनवादक कलावतीविषयीच्या मथळ्यात विमान अपघाताचा ‘क्रॅश’ आणि तिची कला बहरली या अर्थाचे क्रियापद ‘ब्लॉसम्स’ शेजारी आले, आणि वाचकांना ती ‘अपघाताची फुले’ वाटली. तिथे नाम आणि क्रियापद एकाच रूपात दिसतात. मराठीत ‘बहरली’ला कोणी फूल समजणार नाही, कारण प्रत्यय ते होऊ देत नाही.

प्रत्ययाचे हे संरक्षण कुठे सुटते, तेही पाहण्याजोगे आहे. ‘जुन्या शाळेची इमारत कोसळली’ यात जुनी आहे ती शाळा. इमारत जुनी असती तर ‘जुनी’ म्हणावे लागले असते. पण ‘जुन्या शाळेच्या इमारतीला आग’ म्हणा. आता ‘इमारतीला’ही सामान्यरूपात गेली, आणि तिचे विशेषणही ‘जुन्या’च होते. रूपावरून काही कळत नाही आणि पुन्हा दोन वृक्ष उभे राहतात. इमारत जुनी असेल, तर विशेषण तिला चिकटवून ‘शाळेच्या जुन्या इमारतीला आग’ लिहिले की झाले. शाळा जुनी असेल तर मात्र शब्द हलवून भागत नाही, ‘जुनी’ऐवजी दुसरा शब्द शोधावा लागतो, जसे ‘शंभर वर्षांची परंपरा असलेल्या शाळेच्या इमारतीला आग’. आणि तिथे ‘असलेल्या’ आले, तेव्हा ते शाळेला जोडले जाते की इमारतीला, हे पुन्हा एकदा वाचून पाहावे लागते.