क्रिप्टोतला तोटा नफ्यातून वजा होतो का?

प्रश्न: म्हापशात नोकरी करतो. यंदा बिटकॉइनमध्ये ४०,००० नफा, इथरमध्ये २५,००० तोटा. कर १५,००० वरच ना?

उत्तर: नाही, पूर्ण ४०,००० वर. ३० टक्के म्हणजे १२,०००, वर ४ टक्के उपकर ४८०. आयकर कायदा फक्त खरेदीची किंमत वजा करू देतो. इथरचा तोटा पुढच्या वर्षीही नेता येत नाही, तो गेलाच म्हणायचा. विक्रीवर कापलेला १ टक्का टीडीएस मात्र या करातून वळता होतो. वहीत प्रत्येक विक्रीची वेगळी ओळ ठेवा: खरेदीची तारीख, विक्रीची तारीख, दोन्ही रकमा. रिटर्नच्या व्हीडीए, म्हणजे आभासी डिजिटल मालमत्तेच्या, शेड्यूलमध्ये हेच विचारतात. फक्त एक नाणं देऊन दुसरं घेतलंत, तर हातात रुपया न येताही ती विक्रीच. ती ओळ हमखास लिहायची राहून जाते.