वॉर्डरोब आणि पडदे घ्यायच्या आधी भिंतीची, खिडकीची मापं कशी घ्यायची?

"खिडकीशेजारच्या भिंतीला वॉर्डरोब घ्यायचाय आणि खिडकीला पडदे, मापं कशी घेऊ? स्कर्टिंग मध्ये येतं त्याचं काय?"

आधी पडद्याचा रॉड ठरवा, मग वॉर्डरोब. कारण रॉड खिडकीच्या चौकटीत संपत नाही, दोन्ही बाजूंना साधारण 20 सेंमी पुढे जातो म्हणजे पडदा सरकवला की काच मोकळी राहते, आणि टोकाच्या गोळ्याला अजून 5 धरा. तिथे भिंतीवर पेन्सिलने खूण करा, खुणेवरून दोऱ्याला किल्ल्यांचा जुडगा बांधून खाली सोडा. तो दोरा म्हणजे वॉर्डरोबची हद्द.

आता कोपऱ्यापासून दोऱ्यापर्यंत तीन ठिकाणी माप घ्या, वर, मध्ये आणि अगदी खाली स्कर्टिंगपाशी. माझ्याकडे वर 156 आलं असतं, मध्ये 155.5, खाली 154, पण मी फक्त मधलं मोजलं आणि 155 चा वॉर्डरोब आणला, तो शेजारच्या भिंतीच्या स्कर्टिंगला एका सेंटिमीटरने अडला आणि परत करावा लागला. तेव्हा सगळ्यात लहान माप खरं धरायचं. नंतर 150 चा घेतला, उरलेले 4 कोपऱ्याकडे सोडले, कारण वॉर्डरोबचा तिथला दरवाजा भिंतीला चिकटून असला तर हँडल आपटतं आणि तो नीट उघडतच नाही.

मागच्या स्कर्टिंगचंही बघा. त्याची जाडी मोजा, माझं 1.2 सेंमी आहे, म्हणजे वॉर्डरोब वरपर्यंत भिंतीपासून तेवढाच लांब उभा राहतो आणि 60 ची खोली 61.2 होते. भिंतीला तो ब्रॅकेटने बांधायचाच (उंच कपाट पुढे झुकू शकतं), तर त्या फटीत तेवढ्याच जाडीची लाकडी पट्टी घाला, नुसता स्क्रू आवळला तर मागची प्लाय वाकते. स्विचबोर्ड किंवा सॉकेट मागे जाणार असेल तर त्याची जागा आधीच कागदावर उतरवा.

उंची बघताना फसायला होतं, जोडणी जमिनीवर आडवी करून उभा करायचा असेल तर तिरकी लांबी लागते. 210 उंच, 60 खोल असेल तर ती जवळजवळ 218.4 येते, छत 215 वर असेल तर उभाच होणार नाही, मग उभ्यानेच जोडावा लागेल.

पडद्याची रुंदी खिडकीवरून नाही, रॉडवरून काढा. खिडकी 120 तर रॉड 160, चुण्यांसाठी दुप्पट म्हणजे 320, तर 160 चे दोन पडदे. लांबी रिंगच्या खालून जमिनीपर्यंत मोजून एक-दीड सेंमी कमी करा, पण आयलेटचा पडदा असेल तर रिंग नसते, रॉडच्या वरच्या कडेपासून मोजा, आणि कापड रॉडच्या वर 3-4 सेंमी जातं, तेवढं त्यात मिळवा. आणि हे माप रॉड बसवल्यावरच घ्या.