लोकलने रोज ये-जा करणाऱ्यांनी फोनला कोणतं लॉक लावावं?

प्रश्न: मी रोज डोंबिवलीहून सीएसएमटीला लोकलने जाते. जुन्या फोनला पॅटर्न होता आणि माझा मुलगा तो बघून फोन उघडायचा. आता 15 हजारांचा नवीन अँड्रॉइड घेतला आहे, बाजूच्या बटणावर बोटाचा सेन्सर आहे. पण पावसात बोट लागतच नाही. मग चेहऱ्याचं लॉक लावू का? की पिन बरा?

उत्तर:

सहा आकडी पिन ठेवा, त्यावर बोटाचे ठसे लावा, चेहरा बंद ठेवा आणि पॅटर्नकडे परत जाऊ नका. बोट पावसात लागत नाही, त्याला उपाय आहे, तो पुढे सांगतो. दादरला माझं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. लॉकच्या तक्रारी घेऊन येणारं गिऱ्हाईक पावसाळ्यात वाढतंच.

आधी एक गोष्ट. फोनचं खरं लॉक म्हणजे पिन, पॅटर्न किंवा पासवर्ड, यांपैकी एकच. बोट आणि चेहरा ही त्याच्यावरची सोय. फोनमधला डेटा कुलूपबंद असतो आणि त्याची किल्ली तुमच्या पिनशी बांधलेली असते. म्हणून फोन बंद करून चालू केला की पहिल्यांदा पिनच मागतो, बोट चालत नाही. एरवीही 72 तासांत एकदा तरी अँड्रॉइड पिन मागतो. बिघाड समजून लोक फोन दुकानात आणतात, पण फोनची रचनाच तशी आहे, आणि त्यामुळे पिन विसरलाही जात नाही. म्हणजे निर्णय दोन घ्यायचे: खाली काय ठेवायचं, आणि वर काय लावायचं.

खाली पिन का, पॅटर्न का नाही? कागदावर पॅटर्न कमी नाही. नऊ ठिपक्यांवर किमान चार ठिपके जोडून 3,89,112 आकृत्या होतात, चार आकडी पिन मात्र फक्त 10,000. पण खूप जण वरच्या डाव्या ठिपक्यापासून सुरुवात करतात आणि एखादं अक्षर काढतात. आणि लोकलमधला धोका अंदाज बांधणाऱ्याचा नाहीच, बघणाऱ्याचा आहे. तुम्ही तीन सीटच्या बाकावर चौथ्या बसता, समोर दोघी-तिघी वाकून उभ्या असतात. पॅटर्न ही एक सलग रेघ आहे, आणि रेघ डोळ्याला चटकन लक्षात राहते. 2017 साली अमेरिकेतल्या संशोधकांनी हे मोजलं. फोन उघडताना एकदाच पाहिलेल्या लोकांपैकी सुमारे 64 टक्के लोकांनी पॅटर्न बरोबर ओळखला, तर सहा आकडी पिन जेमतेम 11 टक्क्यांनी. पॅटर्नची रेघ दिसणं बंद केलं तेव्हा ओळखणारे 35 टक्क्यांवर आले. त्याआधी, 2010 साली, पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या लोकांनी दाखवलं होतं की काचेवर राहिलेल्या तेलकट डागावरूनही पॅटर्न वाचता येतो. तुमच्या मुलाने काही वेगळं केलेलं नाही. पॅटर्न डोळ्यांना दिसतो आणि त्याने तो पाहिला.

पिन सहा आकडीच ठेवा. जन्मतारीख, लग्नाची तारीख, गाडीचा नंबर नको, कारण घरातला माणूस आधी तेच टाकून बघतो. आणि एक पक्कं सांगतो: हा पिन तुमच्या यूपीआय पिनपेक्षा वेगळाच हवा. यूपीआय पिनही चार किंवा सहा आकडी असतो, म्हणून बरेच जण सोपं जावं म्हणून एकच ठेवतात. मग गाडीत फोन उघडताना ज्याने बोटं पाहिली, त्याच्या हाती फोन आणि पैसे दोन्ही लागतात. वर बोटाचं लॉक असण्याचा खरा फायदा इथे आहे. गर्दीत पिन टाकायची वेळच येत नाही, तर बघणार कोण आणि काय?

आता तुमच्या मूळ अडचणीकडे येऊ. बाजूच्या बटणावरचा सेन्सर विजेच्या भारावर चालतो. बोटावरच्या रेषा त्याला टेकतात, मधल्या खाचा टेकत नाहीत, आणि त्या फरकातून ठसा उमटतो. ओल्या बोटावर पाणी खाचांत भरतं, फरक पुसला जातो आणि सेन्सरला एक सपाट डाग दिसतो. (स्क्रीनखालच्या प्रकाशाच्या सेन्सरचंही ओल्या बोटाने असंच होतं. त्यातल्या त्यात अल्ट्रासोनिक सेन्सर पाण्याला बरा, पण तो महागड्या फोनमध्ये असतो.) दुसरं असं की भांडी-धुणी करून किंवा बराच वेळ भिजून बोटाला सुरकुत्या पडल्या की रेषांचा आकारच बदलतो. तेव्हा नुसतं पुसून लगेच लागत नाही, काही मिनिटं जाऊ द्यावी लागतात. आणि तिसरं, ऑफिसच्या एसीत कातडी कोरडी पडते, तेव्हा उलट ठसा फिका येतो. तिथे बोटावर नुसती फुंकर मारली तरी काम होतं.

बहुतेकांची चूक ठसा नोंदवताना होते. खुर्चीत बसून, फोन दोन्ही हातांत धरून, अंगठ्याचा मधला भाग नीट टेकवत नोंदवतात. गाडीत मात्र एक हात वरच्या कडीला, फोन दुसऱ्या हातात, आणि बटणावर लागते अंगठ्याची कड. ती कड फोनने कधी पाहिलेलीच नसते. म्हणून जुने ठसे काढून टाका आणि पुन्हा नोंदवा, ते असे:

फोन उजव्या हातात जसा धरता तसाच धरून उजवा अंगठा नोंदवा, टोक आणि दोन्ही कडा टेकवत. मग तोच अंगठा दुसरा ठसा म्हणून पुन्हा नोंदवा, फोनला चालतं. अडून बसलंच आणि ठसा आधीच नोंदवलेला आहे म्हणालं, तर कोन जरा बदला. नंतर फोन डाव्या हातात घ्या. आता उजव्या बाजूचं बटण डाव्या हाताच्या तर्जनीखाली किंवा मधल्या बोटाखाली येतं, जे आपोआप येतं ते नोंदवा. हे सगळं सकाळी पोळ्या झाल्यावर नको. रात्री, हात धुऊन पूर्ण कोरडे झाल्यावर करा. सेन्सरवर पीठ किंवा क्रीम साचलं असेल तर आधी कोरड्या मऊ कापडाने पुसा. फोनचं कव्हर बटणाच्या कडेवर चढत असेल तर बोट पूर्ण टेकतच नाही, तेही पाहा.

आणखी एक सेटिंग पाहा. बाजूच्या सेन्सरचे बरेच फोन नुसत्या स्पर्शानेही ठसा वाचतात. पर्समध्ये किंवा ओल्या हातात फोन असताना नकळत चुकीचे स्पर्श होत राहतात, आणि पाच वेळा चुकलं की काही वेळ बोट स्वीकारणंच थांबतं. तुम्हाला वाटतं सेन्सर गेला. बऱ्याच कंपन्यांच्या फोनमध्ये स्पर्शाऐवजी बटण दाबल्यावरच ठसा वाचायचा, असा पर्याय असतो. तो लावा.

चेहऱ्याबद्दल थोडक्यात. आयफोनची फेस आयडी वेगळी. ती चेहऱ्यावर हजारो अदृश्य ठिपके टाकून त्याची खोली मोजते, आणि अनोळखी माणसाने ती उघडण्याची शक्यता दहा लाखांत एकापेक्षा कमी असं कंपनी सांगते. तुमच्या किमतीच्या अँड्रॉइडमध्ये मात्र पुढचा साधा कॅमेरा फोटो काढून जुळवतो, एवढंच. त्यातले काही चांगल्या छापील फोटोलाही फसतात. अंधारात आणि मास्क लावल्यावर अडखळतात. स्वतः तपासायचं असेल तर बँकेचं अ‍ॅप उघडा आणि बायोमेट्रिकने लॉगिन चालू करून बघा. ते फक्त बोटच मागत असेल, चेहरा विचारतच नसेल, तर फोनमधलं चेहऱ्याचं लॉक पैशांच्या कामाला पुरेसं पक्कं नाही असं समजा. घरच्या बाबतीत म्हणाल तर तुम्ही झोपलेल्या असताना मुलगा फोन चेहऱ्यासमोर धरू शकतो. डोळे उघडे असण्याची अट घालता येते, ती सगळ्या फोनमध्ये नसते. झोपेत बोटही टेकवता येतं, हे खरं, पण त्यासाठी निदान हात उचलावा लागतो.

तुमचा दिवस धरून पाहू. सकाळी स्वयंपाकघरात हात ओले, तेव्हा पिन टाका, तिथे बघणारं कोणी नाही. (मुलगा शेजारी असेल तर हात आधी पुसा.) स्टेशनवर छत्री मिटून गाडीत चढलात की अंगठा ओढणीला किंवा रुमालाला पुसा आणि बोटाने उघडा. एकदा नाही लागलं तर चारदा रेटू नका, परत पुसून दुसरं बोट वापरा. ऑफिसात बोट. घरी झोपताना किंवा मुलाच्या हाती फोन द्यायच्या आधी पॉवर मेनूत Lockdown हा पर्याय असेल तर तो दाबा. पुढचा पिन टाकेपर्यंत बोट आणि चेहरा दोन्ही बंद राहतात. पर्याय दिसत नसेल तर सेटिंगमध्ये स्क्रीन लॉकच्या भागात शोधा.

दारात उभं राहून फोन बघताना कुणी हिसकावला, तर कोणतंच लॉक कामाला येत नाही, कारण फोन उघडाच असतो. त्यासाठी स्क्रीन 30 सेकंदांत बंद होऊ द्या आणि पॉवर बटण दाबताच लॉक होऊ द्या. अंगावर असताना फोन उघडा ठेवणारं On-body detection चालू असेल तर आजच बंद करा, कारण चोर फोन घेऊन पळाला तरी तो अंगावरच असतो. गूगलच्या सेटिंगमध्ये Theft Detection Lock असेल तर ते चालू करा, झटका बसून फोन वेगाने दूर गेल्याचं ओळखून ते स्क्रीन लॉक करतं. दरवेळी ओळखेलच असं नाही. लॉक स्क्रीनवर मेसेजचा मजकूर दिसणंही बंद करा, नाहीतर लॉक असलेल्या फोनवर ओटीपी वाचता येतो.

पिन मात्र घरात एका विश्वासाच्या जागी लिहून ठेवा, फोनच्या कव्हरमध्ये नको. विसरलात तर फोन रिसेट करण्याशिवाय मार्ग नाही, म्हणजे बॅकअप नसलेले फोटो गेले, आणि रिसेटनंतर आधीचं गूगल खातं आणि पासवर्ड लागतो. डेटा ठेवून लॉक काढून देतो असं कोणी दुकानदार म्हणाला तर त्याच्याकडे फोन देऊ नका.