सरांनी बदललेलं वाक्य कोणाचं?

खानापूरच्या भातशेतीवरचं तुझ्या प्रबंधाचं प्रकरण मार्गदर्शक सरांकडून परत आलं आणि वर्डच्या Track Changes खुणांनी अर्धी वाक्यं बदललेली दिसली, तर लगेच Accept All दाबू नकोस. त्यानंतर फाइल जतन केलीस की कोणी काय बदललं ही नोंद तिच्यातून जाते. आधी तुझा पाठवलेला मसुदा आणि परत आलेली फाइल, दोन्ही तारीख घालून वेगवेगळ्या ठेव. खुणा गेल्याच असतील, तर वर्डमध्ये Review > Compare करून दोन्ही फाइली ताडून बघ. फरक पुन्हा दिसतील, पण सगळे एकाच नावावर.

खुणेवरचं नावही तपासून घे. बेळगावच्या एखाद्या टायपिंग सेंटरवर सरांचे कागदावरचे बदल घालून घेतलेस, तर नाव त्या संगणकाचं पडेल. सरांनी ईमेलने पाठवलेला परिच्छेद तू चिकटवलास, तर तो तुझा दिसेल. टाइप कुठून झालं एवढंच खूण सांगते. विचार कोणाचा, ते नाही.

समज, तू लिहिलंस ‘उत्पन्न घटलं’ आणि सरांनी केलं ‘उशिरा लावणी झालेल्या शेतांत उत्पन्न घटलं’. वाढले चारच शब्द, पण दावाच बदलला. याउलट, शुद्धलेखनाच्या शंभर खुणांनी पान रंगलं तरी लेखन तुझंच राहतं. दावा बदलणाऱ्या खुणा वेगळ्या काढ, प्रत्येक तुझ्या आकडेवारीशी पडताळ, आणि शोधनिबंध पाठवण्याआधी सहलेखनाचं सरांशी स्पष्ट बोलून घे. प्रबंधात मात्र त्यांनी सबंध लिहिलेला परिच्छेद तसाच ठेवू नकोस. मुद्दा पटला तर तुझ्या नोंदींवरून स्वतः लिही.