'अग्निहोत्र' संपल्यावर काय बघायचं?

'अग्निहोत्र' संपली आणि तू लगेच 'कौटुंबिक' म्हणून दुसरी मालिका लावलीस, तिथेच बिनसलं. तुला भावलं होतं ते नुसतं कुटुंब नव्हे; आपल्या नाशिकचा वाडा आणि सावकाश उलगडणारं जुनं गुपित. म्हणून विषय सोड, दिग्दर्शक धर. सतीश राजवाडे यांचीच 'असंभव' लाव. तिथेही वाडा आहे, गुपित आहे. पुनर्जन्मामुळे भीती मात्र जास्त, एवढं लक्षात ठेव.

पहिल्या भागावरून ठरवू नकोस, त्यात ओळखीच करून देतात. पाचवा-सहावा बघ. दोघं नुसती बोलत बसलीत, संगीतही थांबलंय, तरी तुझा हात फोनकडे जात नाही? मग हीच. मी पंचवटीत जेवणं उरकली की दोनच भाग बघायचे. सलग दहा बघितले की गुपिताची ओढ विरते.